शब्दचर्चा: ‘बुडीत खर्च’ लिहिलं आणि जमीनमालक उठून गेले

धरमपेठवाली

नमस्कार मंडळी. अडचण खरी आहे आणि मुदत शुक्रवारची आहे.

वाडीच्या पुढे अमरावती रोडला एका घरगुती फर्मची दोन एकर एनए जमीन आहे. १९९७ मध्ये चार लाखांना घेतलेली. तिथे संत्र्यांसाठी शीतगृह बांधायचं चाललंय. प्रकल्प अहवाल इंग्रजीत आला आणि थोरले भागीदार, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, मराठीशिवाय वाचत नाहीत, म्हणून भाषांतर माझ्याकडे. अहवालात एक वाक्य आहे की जमिनीचे मूळ चार लाख ही ‘संक कॉस्ट’ आहे, ती हिशेबात धरू नये, पण जमिनीची ‘अपॉर्च्युनिटी कॉस्ट’ मात्र प्रकल्पावर टाकावी. मी लिहिलं, “जमिनीची खरेदी किंमत हा बुडीत खर्च असून जमिनीचा संधी खर्च प्रकल्पावर आकारावा.”

काकाजींनी एवढंच वाचलं आणि चष्मा काढला. “आमची जमीन बुडाली? सातबारा दाखवू का तुम्हाला?” मग ‘संधी खर्च’वर बोट ठेवून धाकट्या भागीदाराला विचारलं, “ही संधी कोणाकडून घ्यायची आहे? टेबलाखालचे का?” आणि चहा न घेता उठले.

तर दोन शब्द हवे आहेत. घरातल्या माणसाला कळतील असे. कोशातले मला माहीत आहेत.

शुद्धिपत्र

शब्दात दोष नाही, वाचकात आहे. ‘बुडीत खर्च’ रूढ आहे, ‘संधी खर्च’ही. फार तर ‘खर्च’ऐवजी ‘परिव्यय’ करा, कारण कॉस्ट आणि एक्स्पेन्स यांत फरक आहे आणि मराठीने तो ‘परिव्यय’ आणि ‘व्यय’ असा पूर्वीच केला आहे. प्रत्येक काकाजींसाठी परिभाषा बदलायला लागलो तर परिभाषा उरणार नाही.

काटोलचा संत्रेवाला

बाप्पा! ‘परिव्यय’ वाचून काकाजी चहा काय, चप्पल बी सोडून जातील.

आमच्याकडे ‘बुडीत’ म्हणजे दोनच. एक बँकेचं बुडीत कर्ज, दुसरं धरणाचं बुडीत क्षेत्र. गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातल्या माणसाला विचारा ‘बुडीत’ म्हणजे काय, तो घर दाखवत नाही, पाणी दाखवते. काकाजी चिडले ते बरोबर चिडले.

जुना मुनीम

चाळीस वर्षं कारखान्यांच्या कॉस्टिंगमध्ये गेली, म्हणून थोडं लांब लिहितो.

काकाजींचा राग भाषेचा आहे, पण त्यांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. बुडाले म्हणायचे तर १९९७ मधले चार लाख. जमीन उभी आहे. तुमच्या वाक्यात ‘जमिनीची किंमत बुडीत’ असं एका दमात आलं, आणि वाचणाऱ्याने ‘जमीन बुडीत’ ऐकलं. इंग्रजी अहवालातही हाच घोळ असतो, तिकडे कोणी चष्मा काढत नाही एवढंच.

आणि नेमकं बोलायचं तर ते चार लाखही पूर्ण अर्थाने बुडालेले नाहीत. जो पैसा आता काहीही केलं तरी परत येत नाही, तो खरा गेलेला. जमीन उद्या विकता येते. म्हणून ते चार लाख ‘गेलेले’ कमी आणि ‘जुने झालेले’ जास्त. आज काय करायचं हे ठरवताना त्यांचा उपयोग नाही. जमीन चार लाखांना घेतली असती की चाळीस लाखांना, की आजोबांनी बक्षीस दिली असती, आजचं गिऱ्हाईक त्याच भावाने मागणार.

बाई, त्या अहवालात मातीपरीक्षण किंवा जुन्या नकाशाचे पैसे कुठे दिसतात का? खरे गेलेले पैसे बहुतेक तिथे सापडतील.

धरमपेठवाली

आहेत! तीन वर्षांपूर्वी तिथे मंगल कार्यालय काढायचं ठरलं होतं. त्याच्या नकाशाचे आणि आर्किटेक्टच्या फीचे मिळून एक लाख ऐंशी हजार. धाकटे भागीदार म्हणतात, “तेवढे तरी या प्रकल्पातून वसूल झाले पाहिजेत.”

जुना मुनीम

हेच. हे एक लाख ऐंशी हजार पक्के गेलेले. शीतगृह बांधलं तरी गेले, नाही बांधलं तरी गेले. मंगल कार्यालयाचा नकाशा शीतगृहाला चालत नाही आणि दुसरं कोणी विकत घेत नाही. हा पैसा शीतगृहाच्या डोक्यावर टाकला तर चांगला प्रकल्पही वाईट दिसेल. आम्ही पेढीवर याला ‘अक्कलखाती जमा’ म्हणायचो. माझ्या मते हाच शब्द उत्तम, पण अहवालात कोणी छापू देणार नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. प्रकल्प झाला तर आणि नाही झाला तर, अशी दोन चित्रं शेजारी ठेवायची. जो पैसा दोन्हींत सारखाच गेलेला आहे, तो खोडायचा. नाही झाला तर जो पैसा हातात आला असता, तो प्रकल्पाच्या नावे लिहायचा. हीच तुमची ‘अपॉर्च्युनिटी कॉस्ट’.

सोसायटी सेक्रेटरी

आमच्या सोसायटीत हा विषय दर वार्षिक सभेत निघतो. सिंकिंग फंड बुडाला का, असं दोन सदस्य दर वर्षी विचारतात. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी घ्यायचा असतो, लोक देत नाहीत. जमिनीचा खर्च त्यात धरायचा नसतो हेही मी त्यांना सांगतो. तुमच्या प्रकल्पातही तेच कारण असावं, म्हणून चार लाख वगळले असतील.

जुना मुनीम

सेक्रेटरीसाहेब, नाव भावासारखं, पण हा वेगळ्या घरचा. सिंकिंग फंड म्हणजे पुढच्या खर्चासाठी बाजूला टाकत राहायचा पैसा. इथे गोष्ट मागे होऊन गेलेल्या खर्चाची आहे. एक पुढे बघतो, एक मागे.

गणित पक्कं

मी एमबीए करतोय, हे आमच्या पहिल्याच सत्रात आहे. सोपं आहे. चार लाख विसरा, आजचा बाजारभाव धरा. ताई, आकडे द्या, दोन मिनिटांत करून देतो.

धरमपेठवाली

नावं सोडून आकडे देते. बांधकाम आणि यंत्रं मिळून तीन कोटी. खर्चवेच जाऊन दर वर्षी ५५ लाख हातात राहतील असा अंदाज, दहा वर्षं. त्यानंतर यंत्रं भंगारात, त्याचं काही धरलेलं नाही. पैशाचा दर, म्हणजे हाच पैसा दुसरीकडे लावला तर वर्षाला जे मिळेल ते, बारा टक्के. जमीन आज विकली तर कर जाऊन दोन कोटी मिळतील असं त्यांचे सीए म्हणतात. शिवाय एका वाहतूक कंपनीला ट्रक उभे करायला ती भाड्याने हवी आहे, कर जाऊन वर्षाला बारा लाख पडतील. आधीच्या मराठी मसुद्यात जमीन ‘घरची’ म्हणून शून्य धरली होती.

गणित पक्कं

दहा वर्षांचे ५५-५५ लाख बारा टक्क्यांनी आजच्या पैशात आणले तर साधारण ३११ लाख. त्यातून ३०० गेले, ११ लाख फायदा. आता जमिनीचे २०० लाख वजा करा, १८९ लाखांचा तोटा. वर भाडंही गेलं, तेही वजा. प्रकल्प खल्लास. काकाजींना सांगा जमीन विका.

जुना मुनीम

पहिली ओळ बरोबर, पुढे घाई झाली. दोन चुका आहेत आणि दोन्ही मी सही-शिक्क्याच्या अहवालांत पाहिल्या आहेत.

पहिली ही, की शीतगृह जमीन खाऊन टाकत नाही. दहा वर्षांनी यंत्रं भंगारात गेली तरी दोन एकर तिथेच राहतात. म्हणून अख्खे दोन कोटी प्रकल्पावर टाकणं अन्याय आहे. आज विकली नाही म्हणून दोन कोटी सोडले, पण दहा वर्षांनी ती पुन्हा विकता येईल. जमिनीचा भाव वर्षाला सहा टक्क्यांनी चढला असं धरू. तेव्हा हातात ३५८ लाख येतील. दहा वर्षांनंतरचे ३५८ लाख आजच्या पैशात ११५ लाख. म्हणजे प्रकल्पाने जमीन अडवून ठेवली त्याची किंमत २०० वजा ११५, साधारण ८५ लाख.

दुसरी चूक दोन्ही वजा करण्याची. विकलेली जमीन भाड्याने देता येत नाही. दोन वाटांपैकी जी चांगली, तिचंच सोडलेलं धरायचं. भाड्याची वाट बघा. वर्षाला १२ लाख, दहा वर्षं, आजच्या पैशात ६८ लाख, आणि जमीन शेवटी हातात राहतेच. ६८ आणि ८५ यांत ८५ मोठे, म्हणून ८५ धरा.

आता ११ लाखांच्या फायद्यातून ८५ गेले की ७४ लाखांचा तोटा. एमबीए भाऊंचं उत्तर उणे निघालं तसंच माझंही निघालं, पण त्यांच्या रीतीने हिशेब केला तर एखादा चांगला प्रकल्पही मारला जाईल. सहा टक्के हा माझा अंदाज आहे आणि सगळा हिशेब त्यावर हलतो. भाव नऊ टक्क्यांनी चढला असता तर जमीन अडवल्याची किंमत ४८ लाखांवर येते, आणि मग भाड्याचे ६८ मोठे ठरतात. प्रकल्प तरीही तोट्यातच, पण आकडा वेगळा आणि तुलना कोणाशी, तेही वेगळं.

‘घरची जमीन, शून्य खर्च’ असं लिहिणाऱ्याला मात्र ११ लाखांचा फायदा दिसत होता. तीन कोटी तिथे अडकले असते आणि ताळेबंदात हा तोटा दिसलाच नसता. तिथे जमीन अजून चार लाखांचीच आहे, आणि जमिनीवर घसारा नसतो.

गणित पक्कं

मान्य. शेवटी जमीन परत येते हे विसरलो. पण मग चार लाख पूर्ण निरुपयोगी ना?

जुना मुनीम

जवळजवळ. एका दारातून जुनी किंमत आत येते, ते दार कराचं. विकल्यावर हातात किती येतात हे नफ्यावरच्या कराने ठरतं आणि नफा खरेदी किमतीवरून मोजतात. त्यातही ही खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची, म्हणजे चार लाखांऐवजी त्या दिवशीचा वाजवी बाजारभाव धरता येतो. पण तो कर दोन कोटींतून आधीच वजा झालाय असं बाई म्हणतात, म्हणून पुन्हा धरायचा नाही.

काटोलचा संत्रेवाला

मुनीमजी, तुमचा हिशेब वाचला, आणि मले हसू आलं. हेच तर आमचं भांडण आहे, पन्नास ठिकाणी ओरडून राहिलो.

सरकार हमीभावाचा खर्च काढते ना, त्याच्यात एक आकडा असते ए-टू अधिक एफएल. बियाणं, खत, मजूर, डिझेल, आणि घरच्या माणसाची मजुरी. दुसरा असते सी-टू. त्याच्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज बी धरते. स्वामिनाथन आयोगाची शिफारस दीडपट भावाची. सरकार म्हणते दीडपट दिला, पण देते पहिल्या आकड्यावर. आम्ही म्हणतो सी-टूवर द्या. मधला फरक काय? वावर आणि भांडवल ‘घरचं’ म्हणून फुकट धरायचं का नाही धरायचं, एवढाच.

माझे चार एकर मी मक्त्याने दिले तर घरी बसून पैसे येतात. मी स्वतः कपाशी लावली तर ते पैसे सोडतो. कोणी मोजत नाही. शीतगृहाच्या जमिनीले मुनीम आहे, वावराले कोणी नाही. तुमचा शब्द भेटला की आम्हाले बी सांगा, मोर्च्याच्या बॅनरवर लिहू.

शुद्धिपत्र

विषय शब्दांचा आहे, हमीभावाचा नव्हे. पण ‘मक्ता’ निघालाच आहे तर मी ‘मुकलेला लाभ’ सुचवतो. संधीचा गोंधळ जातो, लाच वगैरे कोणी समजणार नाही.

धरमपेठवाली

‘मुकलेला’ माणूस असतो ना? मी लाभाला मुकले, लाभ मला मुकला नाही. लाभ ‘हुकतो’. ‘हुकलेला लाभ’ म्हणा हवं तर.

शुद्धिपत्र

बरोबर. मागे घेतो. (या वर्षात पहिल्यांदाच.)

जुना मुनीम

‘हुकलेला’ही चालणार नाही. बस हुकते, कॅच हुकतो, त्यात आपला इलाज नसतो. इथे काकाजी जाणूनबुजून वाहतूक कंपनीला नाही म्हणणार आहेत. ते ‘सोडलेलं’ आहे.

महालची आजी

दोन दिवस वाचतेय, आता राहवत नाही. हिशेब मला कळत नाही, पण मराठीत हे दोन्ही शब्द आहेत आणि दोन्ही पाण्याचे आहेत.

पैसे पाण्यात गेले, हे एक. कशावर तरी पाणी सोडलं, हे दुसरं. पहिल्यात आपला हात नसतो, गेले ते गेले. दुसऱ्यात आपण होऊन सोडतो. दान देताना हातावरून उदक सोडतात, त्यावरून आलंय ते. उदक सोडलं की वस्तूवरचा हक्क संपला. माझे सासरे घर भाड्याने न देता भाच्याला राहायला दिलं तेव्हा म्हणाले होते, “महिन्याच्या दीडशे रुपयांवर पाणी सोडलं.” ते पैसे त्यांच्या खिशात कधी आलेच नव्हते, तरी सोडले म्हणाले. मुनीम म्हणतात ते हेच ना?

जुना मुनीम

आजी, नमस्कार. हेच. वर्गात मी अर्धा तास घ्यायचो यासाठी. न आलेला पैसाही खर्च असतो, हेच लोकांच्या गळी उतरत नाही. तुमचे सासरे एका वाक्यात उतरवून गेले.

शुद्धिपत्र

सुंदर, पण शब्द कुठे आहे? ‘पाण्यात गेलेला खर्च’ आणि ‘पाणी सोडलेला खर्च’ अशी दोन शीर्षकं तक्त्यात शेजारी छापली तर वाचणारा पाणीपट्टी समजेल. वाक्प्रचार आणि संज्ञा यांत फरक असतो. संज्ञेला अनेकवचन लागतं, विशेषण लागतं, ‘एकूण’ लागतं.

काटोलचा संत्रेवाला

आम्ही ‘लागत’ म्हणतो. किती लागत लागली. ‘गेलेली लागत’, ‘सोडलेली लागत’. एकूण बी होते, अनेकवचन बी होते.

शुद्धिपत्र

‘लागत’ हिंदी आहे.

काटोलचा संत्रेवाला

आणि ‘परिव्यय’ काय माझ्या आजीचा आहे? नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, आमच्या जिभेवर दोन्ही भाषा बसल्या. ‘लागवड’ मराठी चालते, ‘लागत’ चालत नाही? दोघी एकाच ‘लागणे’च्या पोरी.

शुद्धिपत्र

लागवड ही ‘लावणे’ची, ‘लागणे’ची नव्हे, असं माझं मत.

महालची आजी

लावलं की लागतं. भांडू नका.

धरमपेठवाली

मधेच येते. काकाजींकडे आज पुन्हा गेले होते. या वेळी शब्द लिहिलेच नाहीत, आजींची दोन वाक्यं लिहिली. “मंगल कार्यालयाच्या नकाशाचे १,८०,००० पाण्यात गेले, ते धरलेले नाहीत. शीतगृह बांधलं तर जमिनीच्या विक्रीच्या किंवा भाड्याच्या पैशांवर पाणी सोडावं लागेल, ते आजच्या हिशेबाने ८५ लाख.” त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “पण विकायची कोण म्हणतंय? वडिलांनी घेतलेली जमीन आहे. विकणारच नाही तर विक्रीवर पाणी कसलं सोडलं?”

मला उत्तर देता आलं नाही.

गणित पक्कं

मग तो पर्याय बाद. भाडं धरा, ६८ लाख. तरी तोटा ५७ लाखांचा.

जुना मुनीम

माझं मत वेगळं. न विकणं हाही काकाजींचाच निर्णय आहे. त्यांना हौस असेल तर हौसेची किंमत किती, ते त्यांना दिसू दे. नियमाने किंवा कज्ज्याने विकताच आली नसती तर गोष्ट वेगळी. समजा वरून उच्चदाबाची वीजवाहिनी जाते आहे, बांधकाम होत नाही, गिऱ्हाईक नाही, भाडेकरू नाही, तर त्या तुकड्याचं सोडलेलं जवळजवळ शून्य असतं, आणि तेव्हा ‘घरची जमीन फुकट’ म्हणणारा खरा ठरतो. पण ‘विकायची नाही’ आणि ‘विकता येत नाही’ हे एक नव्हे.

काटोलचा संत्रेवाला

मुनीमजी, इथे मी काकाजींच्या बाजूने. बापाचं वावर बाजारात उभंच नाही, तर त्याले बाजारभाव कुठून आला?

जुना मुनीम

अहो, परवा तुम्हीच मक्त्याचे पैसे मोजा म्हणत होता!

काटोलचा संत्रेवाला

मक्ता मोजा म्हटलं. विका कुठे म्हटलं?

शुद्धिपत्र

धरमपेठवाली, अंतिम मसुद्यात ‘पाणी सोडणे’ छापणार आहात का? छापलंत तर अवतरणचिन्हांत छापा.

धरमपेठवाली

मजकुरात आजींची वाक्यं ठेवली. तक्त्यात ‘गतखर्च’ आणि ‘सोडलेलं उत्पन्न’ टाकलंय. काकाजींनी ‘गतखर्च’वर पेन्सिलीने गोल केलाय आणि बाजूला ‘कोण वारलं?’ लिहिलंय. शुक्रवार उद्या आहे.

सोसायटी सेक्रेटरी

चर्चा छान झाली. पण सिंकिंग फंडाला मराठीत काय म्हणायचं, ते राहूनच गेलं. रविवारी सभा आहे.